ताब्याच्या वादातील पालकत्वक्षमता अहवाल: ओंकारच्या प्रकरणावरून

मॅडम, मी निपाणी भागात तीन वर्षे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करतो. कौटुंबिक न्यायालयाने आठ वर्षांच्या एका मुलाच्या ताब्याच्या अर्जात दोन्ही पालकांच्या क्षमतेचा अहवाल माझ्याकडे मागितला आहे. आई माहेरी, महाराष्ट्रात आहे, वडील बेळगावात. मूल आईकडे असते आणि "पप्पांकडे जायचं नाही" म्हणते. वडिलांचे वकील मला फोन करतात, आईचे भाऊ व्हॉट्सॲपवर पुरावे पाठवतात. मी कोणाच्या बाजूचा दिसू नये आणि अहवाल मुलाच्या उपयोगी पडावा, यासाठी तो कसा करावा? ताबा कोणाला द्यावा हे शेवटी लिहायचे का?

न्यायालयाचे पत्र पुन्हा उघडा आणि त्यातला प्रश्न शब्दशः आपल्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. "मुलाची मानसिक स्थिती तपासा", "दोन्ही पालकांची क्षमता पाहा" आणि "भेटीबाबत अभिप्राय द्या" ही तीन वेगळी कामे आहेत आणि आपल्याकडची निम्मी भांडणे अहवालाने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिल्यामुळे सुरू होतात. प्रश्न मोघम असेल, तर तो फोनवर समजून घेऊ नका. न्यायालयालाच लेखी विचारा आणि त्या पत्राची प्रत दोन्ही पक्षांना जाईल असे पाहा. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १२ नुसार न्यायालय तज्ज्ञाची मदत घेऊ शकते आणि कलम १४ नुसार एरवी पुराव्याच्या कायद्यात न बसणारा अहवालही विचारात घेऊ शकते. याचा अर्थ आपल्यासाठी असा, की आपण लिहिलेले वाक्य फार गाळणी न लागता थेट न्यायाधीशांच्या टेबलावर पोहोचते. म्हणून गाळणी आपल्याच वहीत असावी लागते.

"क्षमता" हा शब्द पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ मध्येच आहे. मुलाचे वय, पालक होऊ इच्छिणाऱ्याचे चारित्र्य व क्षमता, नात्याची जवळीक यांचा विचार तिथे सांगितला आहे, आणि मूल समजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर ती पसंतीही न्यायालय विचारात घेऊ शकते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चे कलम १३ मुलाच्या कल्याणाला सर्वोच्च स्थान देते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे हा कलम ६ मधला भाग तुमच्या प्रकरणात लागू नाही, कारण मूल आठ वर्षांचे आहे. तरीही आईच्या बाजूचे लोक तो तुम्हाला ऐकवतील. त्यावर वाद घालू नका, ते काम वकिलांचे आहे.

आता मुख्य गोष्ट. पालकत्वक्षमता ही आई किंवा वडील यांच्या अंगात असलेली आणि मोजून ठेवता येणारी वस्तू नाही. या मुलाच्या आजच्या गरजा कोणत्या आणि त्या भागवण्यासाठी हा पालक प्रत्यक्षात काय करतो, काय करू शकतो व काय शिकू शकतो, यांची जुळणी म्हणजे क्षमता. त्यामुळे मूल्यमापनाची सुरुवात पालकांपासून न करता मुलाच्या गरजांपासून करायची असते. पालकांच्या मुलाखती आधी घेतल्या, की त्यांच्या एकमेकांवरच्या आरोपांची यादी हीच आपली विषयसूची बनते आणि मूल त्या यादीतला एक साक्षीदार होऊन बसते.

हे एका प्रकरणावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि मुलाला ओंकार म्हणते. ओंकार आठ वर्षांचा, तिसरीत शिकणारा. वडील बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पाळ्यांमध्ये काम करायचे. आई चंदगड तालुक्यात माहेरी राहून काजू कारखान्यात कामाला जायची. वेगळे होण्याआधी मूल बेळगावात कन्नड माध्यमाच्या शाळेत होते, आता आजोळी मराठी माध्यमात. मुलाला दमा होता. वडिलांच्या अर्जात आईला "मानसिक आजार" असल्याचे आणि ती मूल भेटू देत नसल्याचे म्हटले होते. आईच्या उत्तरात वडील रागीट असून मुलाकडे दुर्लक्ष करतात असे होते.

मी पहिल्यांदा लिहून काढले ते ओंकारला काय लागते ते. त्याला दम्याची रोजची औषधे आणि रात्री त्रास वाढला तर ओळखणारा माणूस लागत होता. शाळेचे माध्यम बदलल्यामुळे अभ्यासात हाताशी बसणारे कोणीतरी लागत होते. आणि दोन्ही घरांत मोकळेपणाने राहता यावे, एका घरात दुसऱ्याचे नाव काढले तर कोणाचा चेहरा उतरू नये, हे लागत होते. यापलीकडे आणखी दहा गरजा लिहिता आल्या असत्या, पण त्या प्रत्येक आठ वर्षांच्या मुलाला लागू पडतात आणि म्हणून दोन घरांमधला फरक दाखवत नाहीत.

त्यानंतर कामाची रचना, आणि इथे तटस्थपणाचा प्रश्न येतो. तटस्थ म्हणजे मनात काहीच न वाटणे असे मी मानत नाही. माणूस म्हणून मला पहिल्याच दिवशी आईबद्दल जरा जास्त वाटले होते आणि ते मी वहीत तारखेसह लिहून ठेवले. तटस्थपणा रचनेत असतो. दोघांच्याही नव्वद मिनिटांच्या दोन दोन मुलाखती, त्याच प्रश्नांच्या त्याच क्रमाने. दोघांच्याही घरी एक एक भेट, दोन्ही संध्याकाळी, दोन्ही आधी कळवून. मूल व पालक यांचे एकत्र निरीक्षण दोघांबरोबर एक एकदा, पंचेचाळीस मिनिटे: थोडा मोकळा खेळ, मग शाळेचा एखादा धडा, मग खेळणी आवरणे, आणि शेवटी मुलाला हवी असलेली गोष्ट आज मिळणार नाही असे पालकाने सांगणे. या शेवटच्या भागात जे दिसते ते तासाभराच्या मुलाखतीत दिसत नाही. मुलाशी मी तीन वेळा एकटीने बोलले; त्यांपैकी एकदा त्याला आई घेऊन आली आणि एकदा वडील. कोणत्या घरातून निघून, कोणाचा हात धरून मूल दारात आले यावर त्याचे बोलणे बदलते, आणि एकाच पालकाने आणलेल्या मुलाचे म्हणणे हे अर्धेच निरीक्षण ठरते.

चहाचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण आपल्या भागात घरी आलेल्या माणसाने चहा नाकारणे म्हणजे अपमान, आणि एका घरी पोहे खाऊन दुसऱ्या घरी फक्त पाणी प्यायलो तर ते उलटतपासणीत येते. मी दोन्ही घरी फक्त चहा घेते आणि तसे आधीच सांगून ठेवते.

वकिलांचे फोन आणि मामांचे व्हॉट्सॲप याबद्दल. पहिल्याच भेटीत दोन्ही पालकांना लेखी द्या, आणि ते वाचून दाखवून सही घ्या, की या कामात काहीही गुप्त राहणार नाही, जे सांगाल ते अहवालात येऊ शकते, आणि कोणताही कागद, फोटो किंवा ध्वनिमुद्रण द्यायचे असेल तर ते न्यायालयात दाखल करून त्याची प्रत समोरच्या पक्षाला मिळेल असेच द्यावे. समुपदेशकाने मुलाशी बोलून केलेल्या अहवालाला मध्यस्थीच्या गोपनीयतेचे कवच मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पेरी कन्साग्रा प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेव्हा "हे फक्त तुम्हाला म्हणून सांगते" असे कोणी म्हणाले तर त्याच क्षणी थांबवावे. आलेला प्रत्येक फोन तारीख, वेळ आणि विषय लिहून नोंदवावा, आणि वकिलांना एकच उत्तर द्यावे, की न्यायालयामार्फत लिहा. ओंकारच्या आत्याने मला एका रात्रीत त्रेचाळीस चित्रे पाठवली होती. मी ती उघडली नाहीत, तसे तिला कळवले आणि आल्याची नोंद अहवालाच्या परिशिष्टात केली. न उघडणे कठीण असते हे कबूल करते.

तुम्ही आधी कधी या आईचे किंवा वडिलांचे समुपदेशन केले असेल, तर हे काम स्वीकारू नका, न्यायालयाला तसे कळवा. उपचार करणारा माणूस रुग्णाच्या बाजूने ऐकायला बसलेला असतो, आणि मूल्यमापन करणाऱ्याला ऐकलेले तपासून पाहावे लागते. एकाच खुर्चीतून दोन्ही होत नाहीत. छोट्या गावांत हा प्रश्न वारंवार येतो, कारण तज्ज्ञ मोजकेच असतात.

आता ओंकारच्या "पप्पांकडे जायचं नाही" या वाक्याकडे येते, कारण तुमच्याकडेही तेच वाक्य आहे. असे वाक्य ऐकल्यावर त्याची निदान चार कारणे संभवतात आणि ती मी भेटीपूर्वीच लिहून ठेवते, म्हणजे पहिले सुचलेले कारण डोक्यात घर करत नाही. मुलाला त्या घरात खरोखर काही त्रास झाला असेल. मुलाला आईची काळजी वाटत असेल, आपण गेलो तर ती एकटी पडेल असे. मोठ्या माणसांचे बोलणे मुलाच्या तोंडी आले असेल. किंवा अडचण वडिलांची नसून जाण्या-येण्याची, रात्रीची, अनोळखी खोलीची असेल. या चारांपैकी कोणतेही एक आपल्याला आवडते म्हणून निवडायचे नाही. प्रत्येकाच्या बाजूने आणि विरुद्ध काय मिळाले ते लिहायचे.

पहिल्या भेटीत, आई बाहेर बसलेली असताना, ओंकार मला म्हणाला, "पप्पांनी आमच्या उदरनिर्वाहाची जबाबदारी टाळली." तिसरीतला मुलगा हा शब्द स्वतःहून वापरत नाही. मी त्याला विचारले, उदरनिर्वाह म्हणजे काय रे, आणि तो गप्प बसला. हे वाक्य मी अहवालात जसेच्या तसे लिहिले, त्याला अर्थ सांगता आला नाही हेही लिहिले, पण "आईने मुलाला पढवले" असे लिहिले नाही. मूल हे दारामागून, फोनवरच्या बोलण्यातून, वकिलाच्या कचेरीत बाकावर बसून ऐकते. माझ्या निरीक्षणातून एवढेच सिद्ध होते, की घरात वादाची भाषा मुलाच्या कानावर पडते आहे.

त्याच भेटीत तो आणखी एक गोष्ट म्हणाला: "तिथं भ्या वाटतंय." इथे मी माझी एक जुनी चूक सांगते. कामाच्या सुरुवातीच्या काळात एका मुलीचे असेच वाक्य मी इंग्रजी अहवालात "तिला वडिलांची भीती वाटते" असे उतरवले होते, आणि भीती कशाची हे विचारलेच नव्हते. नंतर कळले, की परड्यात बांधलेल्या कुत्र्याची भीती होती. तोवर भेटी थांबल्या होत्या. आपल्या न्यायालयांत कामकाज कन्नड व इंग्रजीत चालते आणि मुले बोलतात बेळगावी मराठीत, मधूनच कन्नड शब्द घालून. म्हणून मुलाचे महत्त्वाचे वाक्य आधी देवनागरीत जसे उच्चारले तसे लिहावे, त्याखाली भाषांतर, आणि कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून ते आले तेही लिहावे. भाषांतर दुसऱ्या द्विभाषक माणसाला नाव झाकून तपासायला द्यावे. ओंकारच्या बाबतीत मी विचारले, "तिथं म्हणजे कुठं?" तो म्हणाला, वरच्या खोलीत, रात्री, पप्पा पाळीला गेल्यावर. आजोबा खाली झोपतात आणि त्यांना ऐकू कमी येते. एकदा रात्री त्याला दम लागला होता आणि हाक मारूनही कोणी आले नव्हते.

दुसऱ्या भेटीला त्याला वडील घेऊन आले. दारात त्याने वडिलांचा हात सोडला नाही. मी आधीचाच प्रश्न विचारला नाही. त्याला बेळगावातल्या घरातला एक पूर्ण दिवस, सकाळी उठल्यापासून, सांगायला सांगितला. वडील त्याला सायकलवरून आठवडी बाजारात नेतात, मांडीवर बसवून स्कूटरचे हँडल धरायला देतात, ओरडतात पण मारत नाहीत, असे सगळे एका ओघात आले. रात्रीपाशी येऊन तो पुन्हा थांबला. दोन्ही भेटींत भीती एकाच ठिकाणी, एकाच वेळेला येते, आणि वडिलांच्या सहवासाला ती चिकटलेली नाही, हे निरीक्षण मला तेव्हा मिळाले. एका भेटीवर अहवाल लिहिला असता तर "मूल वडिलांना घाबरते" किंवा "मूल आईच्या दबावाखाली आहे" या दोनपैकी एक वाक्य गेले असते, आणि दोन्ही चुकीची ठरली असती.

इथेच "पालक-दुरावा", म्हणजे एका पालकाने मुलाचे मन दुसऱ्याविरुद्ध फिरवणे, या शब्दाबद्दल सांगून टाकते. वडिलांच्या वकिलांना तो प्रिय असतो, कारण २०१७ च्या विवेक सिंह विरुद्ध रोमानी सिंह या निकालात त्याचा उल्लेख आहे. पण तो आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये किंवा अमेरिकन डीएसएम-५ मध्ये नोंदलेला नाही, त्यामुळे निदान म्हणून तो लिहू नये. वागणूक लिहावी: किती भेटी ठरल्या होत्या, किती झाल्या, न झालेल्यांची कारणे कोणी काय सांगितली, व्हिडिओ कॉलच्या वेळी आई खोलीत बसून होती का. ओंकारच्या बाबतीत ठरलेल्या बारा रविवारांपैकी सात भेटी झाल्या होत्या. न झालेल्या पाचांपैकी तीन वेळा आईने मुलाला बरे नसल्याचे कळवले होते आणि दोन वेळा वडिलांची पाळी बदलली होती. हे आकडे कोणत्याही विशेषणापेक्षा न्यायाधीशांना जास्त सांगतात.

लैंगिक अत्याचाराची शंका मुलाच्या बोलण्यातून आली, तर मात्र हे सगळे बाजूला ठेवून थांबावे. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; तिथे पुढचे खोदून प्रश्न विचारणे हे आपले काम राहत नाही.

दम्याकडे येते, कारण क्षमता म्हणजे जुळणी असे जे मी वर म्हटले, ते इथे सर्वांत स्पष्ट दिसले. ओंकारच्या डॉक्टरांचे कागद मी न्यायालयाच्या परवानगीने पाहिले. त्याला रोज दोन वेळा घ्यायचा प्रतिबंधक पंप आणि दम लागला तर घ्यायचा आरामाचा पंप, दोन्ही स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून, असे सांगितलेले होते. मी दोन्ही पालकांना वेगवेगळे बोलावून एकच गोष्ट सांगितली: औषध कसे देता ते करून दाखवा. आईने पंप हलवला, स्पेसर लावला, मुलाला सावकाश श्वास घ्यायला लावले, नंतर चूळ भरायला सांगितली. वडिलांनी पंप न हलवता थेट तोंडात मारला, आणि प्रतिबंधक पंप "बरं वाटलं की बंद करतो, नाहीतर सवय लागते" असे सांगितले. मला त्या क्षणी वाटले, की निकाल लागला.

तो लागला नव्हता. मी वडिलांना डॉक्टरांकडे जाऊन शिकून या असे सांगितले, आणि तसेच आईलाही दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावले. दुसऱ्यांदा वडिलांनी प्रत्येक पायरी बरोबर केली, आणि पंप रोज का घ्यायचा हे स्वतःच्या शब्दांत सांगितले. माहिती नसणे आणि क्षमता नसणे या दोन गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक एकाच भेटीत कळत नाही. आईच्या बाजूलाही एक गोष्ट होती. शाळेच्या हजेरीपटावर पहिल्या सत्रात ओंकार १९ दिवस गैरहजर होता, आणि त्या काळात दवाखान्याच्या नोंदी फक्त ६ दिवसांच्या होत्या. वर्गशिक्षिका म्हणाल्या, थोडे ढग आले, वारे सुटले की आई त्याला घरी ठेवते, आणि मुलगा गणितात मागे पडतो आहे. औषध अचूक देणारी आई भीतीपोटी मुलाची शाळा चुकवत होती. मी दोन्ही बाजू सारख्याच आकारात लिहिल्या, कारण मुलाच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच खऱ्या होत्या.

आईच्या "मानसिक आजारा"बद्दल. बाळंतपणानंतर तिला नैराश्य आले होते, धारवाडच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत उपचार झाले होते, आणि साधारण वर्षभराने औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद झाली होती. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे केवळ आजाराच्या निदानावरून माणूस असमर्थ ठरत नाही. उपचारांची माहिती गोपनीय असते. ती मी आईच्या लेखी संमतीने मिळवली, आणि अहवालात रोगाचा इतिहास न मांडता आजच्या घडीला झोप, कामावर जाणे, मुलाचे वेळापत्रक, अडचण आली तर मदत मागणे यांवर काही परिणाम दिसतो का एवढेच लिहिले. दिसत नव्हता. वडिलांच्या रागाबद्दलही तेच: "रागीट" हा शब्द मी वापरला नाही. एकत्र निरीक्षणात मुलाने खेळणी आवरायला नकार दिल्यावर त्यांनी आवाज चढवला, मुलगा जरा दचकला, मग दोन मिनिटांनी वडील स्वतः खाली बसून त्याच्याबरोबर आवरू लागले. एवढेच लिहिले.

मानसशास्त्रीय चाचण्यांचा मोह तुम्हाला होईल, कारण आकड्याने अहवाल भक्कम दिसतो. ताब्याच्या वादातले पालक स्वतःला चांगले दाखवण्याच्या बाजूने उत्तरे देतात, आणि व्यक्तिमत्त्व चाचण्यांमधले बचावाचे निर्देशांक त्यांच्यात सर्रास वर जातात. त्यावरून अप्रामाणिकपणाचा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय चाचणी तोंडी भाषांतर करून विचारली, की तिचे मानक लागू राहत नाहीत. "ताबा कोणाला द्यावा" हे मोजणारी चाचणी अस्तित्वात नाही. मी चाचणी घेतली तर दोघांचीही घेते, का घेतली ते लिहिते, आणि तिच्यावर एकही निष्कर्ष एकटा टेकवत नाही.

आपल्या सीमाभागाचा एक खास सापळा आहे, आणि बाहेरचा माणूस तुम्हाला तो दाखवणार नाही. कन्नड माध्यम की मराठी माध्यम, कर्नाटकातले मूल महाराष्ट्रात गेले की काय, याबद्दल आपल्या प्रत्येकाच्या पोटात काहीतरी असते. माझ्याही आहे. अहवालात माध्यमाचा प्रश्न फक्त मुलाच्या वाचनाच्या पातळीने सोडवावा. ओंकारला मी दोन्ही भाषांतला एक एक परिच्छेद वाचायला दिला. कन्नड तो भरभर वाचत होता, मराठी अक्षर लावून, पण मराठीत समजत सगळे होते. शाळा पुन्हा बदलली तर काय गमावेल आणि नाही बदलली तर काय, एवढेच त्यावर लिहिले. मूल सीमेपलीकडे नेले म्हणून अधिकारक्षेत्राचा वाद असेल, म्हणजे मूल सामान्यतः कुठे राहते हा पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम ९ चा प्रश्न, तर त्यावर एक अक्षरही लिहू नका. पलीकडच्या घराला भेट द्यायची असेल, तर त्याचा उल्लेख न्यायालयाच्या आदेशात करून घ्या, नाहीतर "तुम्हाला तिथे जाण्याचा अधिकार काय होता" हा प्रश्न येईल.

शेजारी, मामा, आत्या, जिवलग मित्र यांच्या म्हणण्याला मी फार कमी वजन देते, आणि ते कमी का हे लिहिते. शिक्षिका, डॉक्टर, अंगणवाडीताई यांना वादात बाजू नसते आणि त्यांच्याकडे वाद सुरू होण्याआधीच्या नोंदी असतात; त्या सर्वांत कामाच्या. हजेरीपटाच्या तारखा न्यायालयात अर्ज दाखल होण्याच्या आधीपासूनच्या पाहाव्यात.

अहवाल लिहिताना प्रत्येक परिच्छेद आधी निरीक्षण, मग त्याचा स्रोत, मग अर्थ, आणि अर्थाला मर्यादा काय, या क्रमाने जावा. वाचणाऱ्याला तुमचा अर्थ पटला नाही, तरी निरीक्षण वेगळे काढून स्वतःचा अर्थ लावता आला पाहिजे. स्वतः लिहून झाल्यावर मी एक तपासणी करते: आई आणि वडील हे शब्द सर्वत्र अदलाबदल करून वाचते. "वडील कामामुळे मुलाला पुरेसा वेळ देत नाहीत" हे वाक्य अदलाबदल करून "आई कामामुळे मुलाला पुरेसा वेळ देत नाही" असे वाचले, आणि दोघांचेही कामाचे तास सारखे असताना मी ते फक्त एकाबद्दल लिहिले आहे असे दिसले, तर ते वाक्य काढते. ओंकारच्या पहिल्या मसुद्यात अशी तीन वाक्ये निघाली. तिन्ही आईच्या बाजूने झुकलेली. ज्या पालकाला प्रत्यक्ष भेटलात नाही, त्याच्या क्षमतेबद्दल काहीही लिहू नका, मग तो कितीही गैरहजर राहिला तरी. गैरहजर राहिला, कितीदा बोलावले, एवढेच लिहा.

ताबा कोणाला, हे मी लिहीत नाही. न्यायालयाने शिफारस स्पष्ट मागितली असेल, तरच पर्याय मांडते, आणि प्रत्येक पर्यायात या मुलाला काय मिळते व काय सुटते ते लिहिते. ओंकारच्या अहवालात दोन पर्याय होते. शाळेच्या दिवसांत आजोळी आणि एकाआड एक शनिवार-रविवार व सुट्टीत वडिलांकडे, अशी मांडणी केली तर मराठी शाळा सुटत नाही आणि रोजचे औषध चालू राहते, पण गैरहजेरीचा प्रश्न तसाच राहतो. त्यासाठी हजेरीची नोंद वर्गशिक्षिकेकडून दर महिन्याला न्यायालयात जावी असे सुचवले. उलट मांडणीत वडिलांची पाळी आणि रात्रीचे रिकामे घर हा प्रश्न सुटल्याशिवाय मुलाची रात्र सुरक्षित होत नव्हती. म्हणून दोन्ही पर्यायांखाली सारख्याच अटी लिहिल्या: वडिलांकडची रात्र फक्त त्यांची रात्रपाळी नसताना, मूल झोपते त्याच खोलीत ऐकू येणारा मोठा माणूस, आणि औषधांची पिशवी मुलाबरोबर दोन्ही घरांत फिरेल, तिच्यात स्पेसर आणि दोन्ही पंप असतील व कोणता पंप कधी दिला हे लिहायची छोटी वही असेल. सोपवणूक बेळगावच्या बसस्थानकावर नको, कारण तिथे दोन्हीकडचे नातेवाईक जमतात आणि मूल मध्ये उभे राहते. शाळेच्या दारातून एकाने घ्यावे आणि सोमवारी त्याच दारात सोडावे, म्हणजे दोन पालक समोरासमोर येत नाहीत.

उलटतपासणीत आईच्या वकिलांनी मला विचारले, तुम्ही वडिलांना औषध द्यायला शिकवण्याची संधी का दिली, ते तर परीक्षेत नापास झाले होते. मी सांगितले, की दोघांनाही दुसऱ्यांदा बोलावले होते आणि त्या तारखा परिशिष्टात आहेत. मग वडिलांच्या वकिलांनी विचारले, मुलगा वडिलांना घाबरतो हे तुम्ही कशावरून म्हणता. मी म्हणाले, मी तसे म्हटलेले नाही, त्याला वरच्या खोलीत रात्री एकट्याला भीती वाटते असे म्हटले आहे, आणि त्याचे शब्द देवनागरीत पान अकरावर आहेत. न्यायाधीशांनी ते पान उघडून वडिलांना विचारले, वरच्या खोलीत दिवा आहे का.

तुमची मूळ वही, मुलाची चित्रे आणि फोनची नोंद प्रकरण संपल्यावरही सांभाळून ठेवा. प्रकरण अपिलात कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे गेले तर तीच मागतील. अहवाल बंद लिफाफ्यात थेट न्यायालयात द्या, कोणत्याही पालकाच्या हाती नको. आणि त्यावर तारीख ठळक लिहा, कारण मुलाच्या गरजा सहा महिन्यांत बदलतात आणि दोन वर्षांपूर्वीचा अहवाल ताजा म्हणून कोणीतरी पुढे करतेच.